पॅरापेटच्या पायथ्याशी मेम्ब्रेनची कड कशी संपवावी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गच्चीवर पाणी अडवणारे ४ मिमीचे एपीपी बिटुमेन मेम्ब्रेन टाकले. आता पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, चढवलेली त्याची वरची कड जागोजागी सुटून पुढे झुकली आहे. ठेकेदार म्हणतो, सिलिकॉन भरून देतो. तेवढ्याने भागेल का? — सोसायटीचे सचिव, पुणे

नाही भागणार. बिटुमेनवर सिलिकॉन नीट धरत नाही, आणि त्याच्यावर पुढे प्लास्टर किंवा रंगही बसत नाही. खरी दुरुस्ती करायची वेळ येईल तेव्हा तेच आधी खरवडून काढावे लागेल. दुसरे चांगले सीलंट वापरले तरी मूळ दोष तसाच राहतो. कड भिंतीच्या आत गेलेलीच नाही, ती भिंतीवर नुसती चिकटवलेली आहे.

काळे मेम्ब्रेन मे महिन्याच्या उन्हात मऊ पडते, उभ्या भागात स्वतःच्या वजनाने किंचित खाली ओढले जाते आणि रात्री आखडते. दोन-तीन उन्हाळे असे गेले की वरच्या कडेची पकड सुटते. सुटलेला एखादा तुकडा हाताने पुढे ओढून त्याची मागची बाजू पाहा. तिथे सिमेंट पेंटचा पापुद्रा किंवा प्लास्टरची पूड चिकटलेली दिसली, तर मेम्ब्रेन भिंतीला नव्हे, रंगाला चिकटवले होते. रंग सुटला, त्याच्याबरोबर मेम्ब्रेनही आले. मागची बाजू स्वच्छ, काळी आणि चकचकीत दिसली तर मेम्ब्रेन वितळवणारा गॅसचा टॉर्च पुरेसा फिरवलेला नव्हता किंवा प्रायमर नव्हता.

पाणी कोणत्या दिशेने येते ते इथे समजून घ्यायला हवे. गच्चीवर साचलेले पाणी वर चढून कडेपर्यंत जात नाही. वाऱ्याबरोबर पाऊस पॅरापेटच्या आतल्या अंगावर आपटतो, तिथून पातळ थराने खाली ओघळतो आणि सुटलेल्या कडेवर येऊन थांबतो. पुढे झुकलेली कड म्हणजे सदऱ्याचा उघडा खिसाच, वरून येईल ते सगळे आत घेणारा. एकदा पाणी मागे शिरले की ते वाट्यावरून, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी दिलेल्या सिमेंट मालाच्या गोलाईवरून, स्लॅबवर उतरते आणि मेम्ब्रेनखालून जिथे पोकळी मिळेल तिथे पसरते. गळती मग भिंतीजवळ न दिसता एखाद्याच्या हॉलच्या मधोमध दिसते, आणि सगळे जण तिथल्या मेम्ब्रेनला भोक शोधत बसतात.

दुरुस्ती करताना आडवे मेम्ब्रेन काढायची गरज बहुतेक वेळा नसते. वाट्यापासून वरचा सुटलेला उभा भाग कापून टाका. वाट्यावरचा आणि पायथ्यालगतचा भाग घट्ट आहे का ते छिन्नीच्या मुठीने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तिथपर्यंत कापत जा. मग नवी उभी पट्टी जुन्या आडव्या मेम्ब्रेनवर किमान १५० मिमी चढवून भिंतीवर न्या आणि तिची वरची कड भिंतीत कापलेल्या आडव्या खाचेत बसवा. खाच कशी घ्यायची ते पुढच्या उत्तरात आहे.

एक गोष्ट सभेत ठामपणे मांडा. हे काम पूर्ण परिघाला करायचे, फक्त सुटलेल्या ठिकाणी नाही. मधेच संपणाऱ्या खाचेच्या दोन्ही टोकांतून पाणी आडवे आत शिरते, आणि मग नव्या कामाच्या मागेच ओल दिसायला लागते. पावसाळा तोंडावर आला असेल आणि भिंत ओली असेल, तर यंदा कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी फास्टनरने आवळून तिच्या माथ्याला पॉलीयुरेथेन सीलंट भरा. तो एका हंगामाचा उपाय आहे असे कोटेशनवरच लिहून घ्या, नाहीतर तोच कायमचा ठरतो.

प्रश्न : ड्रॉइंगवर 'खाच २५ × २५' एवढेच लिहिले आहे. ती कुठून मोजायची, कशी कापायची, आत काय भरायचे यावर साइटवर रोज वाद होतात. क्रमाने सांगाल का? — ज्युनिअर इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर

२५ मिमी खोली विटेच्या अंगापासून मोजायची, प्लास्टरच्या अंगापासून नाही. वाद बहुतेक इथेच असतो आणि कामही इथेच बिघडते. आतले प्लास्टर १५ ते २० मिमी असते. प्लास्टरवरून २५ मिमी कापले तर खाच विटेत जेमतेम ५ ते १० मिमी जाते. प्लास्टर आणि वीट यांच्या सांध्यातून उतरणारे पाणी मग तुमच्या खाचेच्या अगदी मागून खाली जाते. म्हणून पायथ्यापासून खाचेच्या वर साधारण ५० मिमीपर्यंतचे प्लास्टर आधी पूर्ण काढा. विटा उघड्या करा, सांधे रिकामे असतील तर भरून घ्या, आणि मेम्ब्रेन जेवढ्यावर बसणार तेवढ्या भागाला सिमेंट मालाचा घट्ट, सपाट हात द्या. रंग लावलेल्या प्लास्टरवर मेम्ब्रेन कधीच नको.

जुन्या सरकारी तपशिलात बिटुमेन फेल्टसाठी ७५ मिमी रुंद आणि ६५ मिमी खोल खाच सांगितलेली सापडेल. ती भिंत बांधतानाच ठेवायची असते, कारण त्या पद्धतीत फेल्टचे अनेक थर आत वळवून सिमेंट मालाने बंद करायचे असतात. बांधून झालेल्या भिंतीत एका थराचे मेम्ब्रेन बसवायला २५ मिमी पुरते. पण तेवढे खरोखर मिळाले पाहिजे.

खाचेची ओळ सूत मारून आखा. कटरला डायमंड ब्लेड लावून २५ मिमीच्या अंतराने दोन समांतर काप घ्या आणि मधला भाग अरुंद छिन्नीने काढा. नुसत्या छिन्नीने खाच घेतली तर विटांच्या कडा तुटतात, वरची कड वेडीवाकडी होते आणि सीलंटला धरायला सरळ बाजू उरत नाही. खाचेची खालची कड जराशी घासून गोल करा. तीक्ष्ण काटकोनावर गरम मेम्ब्रेन वळवले की तिथेच चीर पडते. मग धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. हे वाचायला किरकोळ वाटते, पण विटेच्या लाल पुडीवर ना प्रायमर बसतो ना सीलंट.

पायथ्याशी भिंत आणि गच्ची मिळतात तिथे सिमेंट मालाचा वाटा हवाच. साधारण ५० ते ७५ मिमीचा असला की मेम्ब्रेन काटकोनात दुमडत नाही. वाटा वाळल्यावर भिंत, वाटा आणि खाचेच्या आतला भाग, तिन्हींना बिटुमेन प्रायमर लावा आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा.

उभ्या भागाला वेगळी पट्टीच वापरा. गच्चीवरचाच रोल सरळ भिंतीवर चढवायचा मोह होतो, कारण एक जोड वाचतो. पण १० मीटरच्या रोलचे वजन उभ्यावर लोंबते आणि वाट्यापाशी मेम्ब्रेन ताणले जाऊन मागे पोकळी राहते. आडवे मेम्ब्रेन वाट्याच्या माथ्यापर्यंत आणून थांबवा. रोलच्या रुंदीतून, म्हणजे १ मीटर लांबीचे, तुकडे कापून भिंतीवर लावा. प्रत्येक तुकडा खाली आडव्या मेम्ब्रेनवर १५० मिमी यावा आणि शेजारच्या तुकड्यावर १०० मिमी चढावा. टॉर्च खालून वर न्या, म्हणजे हवा वर निघून जाते. जोडाच्या कडेतून वितळलेल्या बिटुमेनची बारीक सलग रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तिथे थापी गरम करून कड पुन्हा दाबा. आतल्या कोपऱ्यांत आधी छोटा ठिगळाचा तुकडा आणि त्यावर मुख्य पट्टी.

वरची कड खाचेत पूर्ण आत, मागच्या भिंतीला टेकेपर्यंत वळवा आणि अॅल्युमिनियमची अरुंद पट्टी ठेवून साधारण २०० ते २५० मिमीवर फास्टनर मारा. ही पकड खाचेच्या आतच हवी. खाचेखाली मेम्ब्रेनमधून मारलेला प्रत्येक खिळा म्हणजे एक भोक. उरलेल्या जागेत आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबा आणि वर सीलंट भरा. सीलंटची खोली त्याच्या रुंदीच्या निम्मी ठेवली तर ते ताण सोसते. काठोकाठ ठासून भरलेले सीलंट दोन्ही कडांपासून फाटते. पॉलीसल्फाइड वापरा किंवा पॉलीयुरेथेन, पण बिटुमेनशी चालते असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असू द्या. काही सीलंट बिटुमेनमधल्या तेलाने मऊ पडतात.

शेवटी वरचे प्लास्टर. ते खाचेवरून १५ ते २० मिमी पुढे काढून संपवा आणि खालच्या अंगाला बारीक खोबण ठेवा, म्हणजे ओघळ तिथेच तुटून पुढे गळतो. खाचेखाली मेम्ब्रेनवरही प्लास्टर हवे असेल तर जाळी लागते, कारण गुळगुळीत मेम्ब्रेनवर माल धरत नाही. ती जाळी फक्त खाचेच्या वर भिंतीत अडकवा आणि खाली मोकळी लोंबू द्या. मिस्त्री सवयीने ती खालीही खिळ्यांनी ठोकतो. त्या दिवशी तिथे उभे राहा.

प्रश्न : मेम्ब्रेन, त्यावर विटांच्या तुकड्यांचा ढाळाचा ब्रिकबॅट कोबा, वर चायना मोझॅक असे काम करून घेतले. खाचही मारली होती, फोटो आहेत. तरी पावसाचे पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या बाजूला कोरडे आणि समोरच्या टोकाला छताच्या कडेने ओल. बाजूच्या दोन्ही भिंतींनाही साधारण अर्ध्यापासून पुढे ओल दिसते. — घरमालक, नाशिक

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाचेशेजारी टेप धरलेली आहे, त्यामुळे उत्तर सोपे झाले. खाच स्लॅबपासून १५० मिमीवर घेतली आहे. चूक तिथेच आहे. १५० मिमी स्लॅबपासून नव्हे, तयार फरशीपासून मोजायचे असतात.

तुमच्याच मापांनी हिशोब करू. गच्ची पाइपाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ९ मीटर आहे. पाइपापाशी कोबा ७५ मिमी आणि ढाळ १०० ला १. म्हणजे ९ मीटरवर कोबा ९० मिमीने वाढून १६५ होतो. वर मालासह चायना मोझॅक २५ मिमी. तयार पृष्ठभाग पाइपापाशी स्लॅबपासून १०० मिमीवर आणि समोरच्या टोकाला १९० मिमीवर आला. खाच सगळीकडे १५० वर. म्हणजे पाइपापाशी ती फरशीच्या ५० मिमी वर आहे आणि समोरच्या टोकाला ४० मिमी खाली, कोब्यात गाडलेली. मधे ५ मीटरवर फरशी आणि खाच एका पातळीत येतात. तिथून पुढे खाच फरशीखाली जाते. बाजूच्या भिंतींना ओल अर्ध्यापासून सुरू होते ती यामुळेच.

गाडलेली खाच वाईट का? मोझॅक आणि भिंत यांच्या सांध्यात ऊन-थंडीने केसासारखी फट पडतेच, ती कोणालाच टाळता येत नाही. भिंतीवरून ओघळलेले पाणी नेमके त्या फटीत येते. खाच फरशीच्या वर असती तर ते पाणी मेम्ब्रेनच्या पुढच्या अंगाने खाली जाऊन ढाळाने पाइपाकडे गेले असते. तुमच्याकडे ते ४० मिमी खाली उतरून थेट मेम्ब्रेनच्या उघड्या माथ्यावर पोहोचते. वर कोबा पावसाळाभर ओला राहतो, त्यामुळे ती कड सतत ओलीतच बुडालेली. खाचेत भरलेला सिमेंट माल कितीही घट्ट असला तरी तो पाणी थोडे थोडे शोषत राहतो.

समोरच्या टोकाला खाच १९० अधिक १५०, म्हणजे स्लॅबपासून ३४० मिमीवर हवी होती. पाइपापाशी २५० पुरली असती. ढाळाबरोबर खाच तिरकी घेण्यापेक्षा मी चारही भिंतींना ३४० ची एकच आडवी ओळ घेतो. मेम्ब्रेन थोडे जास्त लागते, पण सूत एकदाच मारायचे आणि चूक व्हायला जागा नाही.

आता दुरुस्ती. चारही भिंतींलगत सुमारे ४५० मिमी रुंदीची पट्टी मोझॅक आणि कोब्यासह स्लॅबवरच्या मेम्ब्रेनपर्यंत उकरा. ब्रेकर नको, छिन्नी-हातोडाच. शेवटचे ३० मिमी अगदी हळू काढा, कारण खालचे जुने मेम्ब्रेन शाबूत राहिले तरच या दुरुस्तीला अर्थ आहे. ते पुसून, वाळवून, प्रायमर लावून त्यावर १५० मिमी चढवत नवी उभी पट्टी ३४० पर्यंत न्या. ही पट्टी चढवण्याआधी जुनी खाच मालाने बुजवून घ्या. मग कोबा पुन्हा भरा आणि मोझॅक करा. हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच करा. मुरलेले पाणी उकरलेल्या पट्टीत झिरपत राहते आणि कोबा वाळायला वेळ लागतो.

मोझॅकवरून नवे मेम्ब्रेन टाकून देतो, असेही कोणी सुचवेल. त्यात खालचा ओला कोबा दोन मेम्ब्रेनमध्ये बंद होतो. उन्हात आतल्या पाण्याची वाफ होऊन वरचे मेम्ब्रेन फुगते. मी तो मार्ग घेणार नाही.

प्रश्न : काम झाल्यावर ठेकेदाराने गच्चीत दोन दिवस पाणी साठवून दाखवले, कुठेही गळले नाही. पहिल्याच पावसात मात्र भिंतीलगत ओल आली. चाचणीत काही फसवणूक होते का? — कोल्हापूर

फसवणूक असेलच असे नाही. त्या चाचणीने खाचेची परीक्षाच होत नाही. साठवलेले पाणी ५० मिमीच्या आसपास असते आणि खाच १५० वर. पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणखी पाणी साठवणे हा त्यावर उपाय नाही. दर ५० मिमी पाण्याचे वजन चौरस मीटरला ५० किलो होते, आणि जुन्या स्लॅबवर असा भार टाकताना इंजिनिअरला विचारायला हवे.

खाचेसाठी नळीची चाचणी करा, आणि खालून वर. साठवणीची चाचणी कोरडी गेल्यावर पाणी सोडून द्या. मग २ ते ३ मीटर लांबीची भिंत घेऊन, खाचेच्या किंचित खाली, मेम्ब्रेनच्या अंगावर बारीक धार अर्धा-पाऊण तास सोडा. काही झाले नाही तर धार खाचेच्या वर, प्लास्टरच्या कडेवर न्या आणि तेवढाच वेळ थांबा. मग भिंतीच्या मध्यावर. सगळ्यात शेवटी कोपिंगवर, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या झाकणीवर. खालच्या खोलीत एक माणूस ठेवा. कोणत्या पायरीवर ओल उतरली यावरून दोष कुठे आहे ते कळते. खाचेखाली असताना उतरली तर उभ्या पट्टीच्या जोडात, खाचेवर धार असताना उतरली तर खाचेत, कोपिंगवर असताना उतरली तर मेम्ब्रेनचा काही दोष नाही. पहिलीच धार माथ्यावरून सोडली तर पाणी सगळ्यांवरून वाहते आणि काहीच सिद्ध होत नाही. दोन पायऱ्यांमध्ये घाई करू नका, ओल खाली उमटायला वेळ लागतो.

प्रश्न : आमच्या इमारतीचा पॅरापेट वीटकामाचा नाही, आरसीसीचा आहे, १०० मिमी जाडीचा. स्ट्रक्चरल कन्सल्टंट खाच कापू देत नाहीत. बरोबर आहे का? — ठाणे

अगदी बरोबर आहे. एवढ्या पातळ भिंतीत सळईवरचे आवरण २०-२५ मिमीच्या आसपास असते. २५ मिमीची खाच घेतली तर तुम्ही सळईवरच पोहोचाल, आणि ठाण्यासारख्या खारट हवेच्या ठिकाणी ती सळई गंजायला आमंत्रण मिळेल. गंजलेली सळई फुगून काँक्रीटचे पोपडे काढते आणि मेम्ब्रेनची कडही उचलते.

काँक्रीटला एक फायदा आहे. प्लास्टर काढून घासलेले काँक्रीट विटेसारखे पाणी शोषत नाही, त्यामुळे मागून वळसा घालायला पाण्याला वाट कमी. इथे कड भिंतीच्या अंगावरच संपवा. घासलेल्या, प्रायमर लावलेल्या काँक्रीटवर मेम्ब्रेन पूर्ण चिकटवा. वरच्या कडेवर अॅल्युमिनियमची अशी पट्टी घ्या की जिचा माथा बाहेरच्या बाजूला थोडा वळलेला असतो. २०० ते २५० मिमीवर फास्टनर, आणि वळलेला माथा व भिंत यांच्यामधल्या खोबणीत सीलंट. फास्टनरसाठी भोक पाडताना सळई टाळायला रिबार लोकेटर फिरवा. वर अॅल्युमिनियमचे छोटे छप्पर, म्हणजे फ्लॅशिंग, बसवता आले तर सीलंटला ऊन कमी लागते.

हे सीलंट मात्र कायमचे नसते. दरवर्षी मे महिन्यात एकदा पूर्ण परीघ फिरून पाहायचे, आणि नखाने दाबल्यावर कडक लागेल किंवा कड सुटलेली दिसेल तिथे बदलायचे. विटेच्या भिंतीतली खाच यापेक्षा कितीतरी निश्चिंत असते, म्हणून आरसीसी दिसला की सगळीकडे पट्टीच मारा, असे मी म्हणणार नाही.

पॅरापेट बुटका असेल, गुडघ्याएवढा, तर आणखी सोपे. मेम्ब्रेन थेट माथ्यावर नेऊन पलीकडे वळवा आणि वरून कोपिंग बसवा. कड भिंतीच्या आतल्या अंगावर राहतच नाही.

प्रश्न : घर जांभ्या दगडाचे, गच्चीचा कठडाही जांभ्याचा, बाहेरून गिलावा. मेम्ब्रेन आणि खाच दोन्ही गेल्या वर्षी केले, सीलंटही ताजे आहे. तरी ऑगस्टमध्ये कठड्याखालच्या खोलीत भिंतीच्या माथ्याला ओल. — रत्नागिरी

तुमचे पाणी खाचेच्या बाहेरून येतच नाही. ते भिंतीच्या पोटातून येते, आणि हे मेम्ब्रेनवाल्याने काम सुरू करण्यापूर्वी सांगायला हवे होते.

जांभ्याला मुळातच छिद्रे. कोकणात जून ते सप्टेंबर दिवसेंदिवस पाऊस पडतो तेव्हा कठड्याचा माथा आणि बाहेरचे अंग पाणी पीत राहते. ते दगडातून आणि सांध्यांतून हळूहळू खाली उतरते, खाचेच्या मागून जाते आणि स्लॅबच्या पातळीवर येऊन आतल्या खोलीत फुटते. खाच फक्त अंगावरून ओघळणारे पाणी अडवते. आत मुरलेल्या पाण्यावर तिचा काहीच ताबा नाही, ती कितीही उत्तम असली तरी. तुमची ओल जुलैच्या पहिल्या सरीला न येता ऑगस्टमध्ये आली, पाऊस उघडल्यावरही आठवडाभर तशीच राहिली, असे तुम्ही लिहिले आहे. मुरलेल्या पाण्याची ही चाल आहे. खाच गळत असती तर जोराच्या पावसानंतर थोड्याच वेळात ओल दिसली असती आणि उघडीप मिळताच ओसरली असती.

आधी माथ्याकडे जा. कठड्याचा माथा आत, गच्चीच्या बाजूला उतरता करा, म्हणजे पाणी बाहेरच्या गिलाव्यावरून वाहत नाही. त्यावर दोन्ही बाजूंना ४० ते ५० मिमी पुढे आलेले कोपिंग, खाली टपकणीची खोबण, आणि कोपिंगच्या खाली मेम्ब्रेनचा किंवा सिमेंट-पॉलिमरचा सलग थर. कोपिंगच्या दगडांमधले सांधे हेच पाण्याचे दरवाजे असतात, म्हणून खालचा तो थर सोडू नका. मग बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगा भरा आणि पाणी अडवणारा, पण आतली वाफ बाहेर जाऊ देणारा लेप द्या. पूर्ण बंद करणारा रंग नको, आत अडकलेली ओल मग खोलीकडेच वळते.

एवढे करूनही ओल राहिली, तर भिंतीच्या पूर्ण जाडीतून आडवा अडथळा घालणे हाच खरा उपाय उरतो. म्हणजे कठडा टप्प्याटप्प्याने उतरवायचा, स्लॅबवर सुमारे २०० मिमी उंचीचा काँक्रीटचा कर्ब भरायचा, मेम्ब्रेन त्या कर्बच्या माथ्यावरून पलीकडे न्यायचे आणि वर पुन्हा जांभा रचायचा. नवे घर बांधणाऱ्यांनी हा कर्ब स्लॅबसोबतच ओतून घ्यावा. तेव्हा त्याला लागतात थोडे काँक्रीट आणि फळ्या, नंतर अख्खा कठडा पाडावा लागतो.

खाचेबद्दलही जांभ्यात एक काळजी आहे. कटर फिरवताना दगड ठिसूळ निघतो, छिद्रांमुळे खाचेच्या बाजू खडबडीत राहतात आणि सीलंट काही ठिकाणी हवेवरच धरलेले असते. तुमच्या खाचेत बोटभर लांबीचे सीलंट कापून काढून पाहा. त्याच्या मागच्या बाजूला दगडाची नक्षी सलग उमटलेली असेल तर ठीक. मधे मधे गुळगुळीत, चमकदार डाग दिसले तर तिथे ते दगडाला टेकलेलेच नव्हते. अशा वेळी खाच ४० मिमीपर्यंत रुंद करून आतून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मालाने लिंपावी लागते, तो माल सात दिवस ओला ठेवायचा, वाळू द्यायचा, आणि मगच प्रायमर व मेम्ब्रेन. माथ्याचे काम होईपर्यंत मात्र खाच उकरू नका. आधी एक पावसाळा नव्या कोपिंगखाली जाऊ द्या आणि ओल किती कमी होते ते भिंतीवर पेन्सिलने तारखा घालून नोंदवा.